‘चौकशीला नेलं’ तिथपासूनच चोवीस तास मोजायचे

प्रश्न: शनिवारी रात्री नऊ वाजता साध्या कपड्यातले दोन पोलीस घरी आले आणि माझ्या धाकट्या भावाला घेऊन गेले. "चौकशी आहे, सकाळी सोडतो" म्हणाले. आज रविवारी दुपारी ठाण्यात गेलो तर "अटक केलीय, उद्या कोर्टात या" एवढंच सांगितलं. कशासाठी ते सांगत नाहीत, भेटू देत नाहीत, हातात एकही कागद नाही. भाऊ टेम्पो चालवतो, आधी त्याच्यावर एकही केस नाही. आमचे हक्क काय आणि आता नेमकं काय करायचं?

उत्तर:

तुमच्या भावाला आज रात्री नऊच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं. उद्या सकाळी नाही. आज रविवार आहे, कोर्टाला सुट्टी आहे, हे कारण चालत नाही. प्रत्येक ठिकाणी सुट्टीच्या दिवशी रिमांडच्या, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का ते ठरवण्याच्या, कामासाठी एक मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात. कधी ते कोर्टात बसतात, कधी आरोपीला त्यांच्या निवासस्थानी नेलं जातं. पोलिसांना आजचे साहेब कोण ते पक्कं माहीत असतं.

संविधानाच्या कलम २२(२) प्रमाणे अटकेपासून चोवीस तासांच्या आत आरोपीला जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे नेलं पाहिजे. त्यातून वगळायचा तो फक्त अटकेच्या जागेहून कोर्टापर्यंतच्या प्रवासाला लागणारा वेळ. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ५८ मध्येही हेच आहे, आणि तो मॅजिस्ट्रेट त्या गुन्ह्याच्या हद्दीतला असलाच पाहिजे असं नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ५७, ५०, ४१ अ हेच आकडे असतात, त्यामुळे तुमच्या वकिलांनी जुना आकडा सांगितला तर गोंधळू नका. तरतुदी बहुतेक त्याच आहेत.

आता तुमच्या प्रकरणातली खरी मेख. उद्या कोर्टात जे अटकेचे कागद जातील, त्यात अटकेची वेळ बहुधा रविवारी दुपारी दीडची असेल. सोमवारी सकाळी साडेअकराला हजर केलं तर त्या हिशेबाने बावीस तासच होतात. कागद अगदी स्वच्छ. प्रत्यक्षात शनिवारी रात्री नऊ ते सोमवारी सकाळी साडेअकरा म्हणजे साडेअडतीस तास होतात. शनिवारची अख्खी रात्र कागदावर कुठेच नसते. विचारलं तर उत्तर तयार असतं: तो स्वतःहून आला होता, चौकशीला सहकार्य करत होता, बाकावर बसला होता, गुन्ह्यात सहभाग निष्पन्न झाल्यावर अटक केली. ‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ यातली फट म्हणतात ती ही, आणि चोवीस तासांचा नियम मोडला जातो तो बहुतेक वेळा इथेच.

कायदा ही फट मानत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशक हुसेन अल्ला देथा या प्रकरणात सांगितलं की माणसाच्या हालचालींवर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू होते; अधिकारी कागदावर कोणती वेळ टाकतो त्यावर ती ठरत नाही. चौकशीसाठी डांबून ठेवणं म्हणजेच अटक. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सक्तवसुली संचालनालयाचं एक प्रकरण आलं. तिथे आरोपीला विमानतळावर आधी थांबवून ठेवलं होतं आणि अटक दाखवली ती बऱ्याच तासांनी, मध्यरात्र उलटल्यावर. खऱ्या ताब्यापासून मोजल्यावर चोवीस तास कधीच उलटून गेले होते. न्यायालयाने ती अटक बेकायदा धरली आणि जामीन कायम ठेवला. मूलभूत हक्काचा असा भंग दिसला तर जामीन देणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे, असंही म्हटलं.

तेव्हा कायदा तुमच्या बाजूने आहे. प्रश्न पुराव्याचा आहे: शनिवारी रात्री नऊ ही वेळ तुम्ही कशी दाखवणार? ‘तो मोकळा होता का’ याची कसोटी साधी असते. मोबाइल काढून घेतला होता का, घरी जायला मिळत होतं का, दाराशी कोणी उभं होतं का. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर याच सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश द्यावा लागतो. रात्री नऊला घरी येऊन सोबत नेणं म्हणजे साक्षीदाराला बोलावणं नव्हे.

म्हणून उत्तर वाचून झाल्यावर पहिलं काम वेळ पक्की करण्याचं. समोरच्या दुकानाच्या किंवा शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात गाडी आणि पोलीस दिसत असतील तर ते चित्रण आजच्या आज पेनड्राइव्हवर घ्या. बऱ्याच घरगुती यंत्रांत आठ-दहा दिवसांत जुनं पुसलं जाऊन नवं चढतं. शनिवारी रात्री तुम्ही नातेवाइकांना केलेले फोन, पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश पुसू नका. आत्ता ११२ वर फोन करून सांगा की भावाला काल रात्री नऊला अमुक ठाण्याच्या पोलिसांनी नेलं आहे आणि अजून कोर्टात हजर केलेलं नाही. फोन केल्यावर कोणी धावत येईल अशी आशा धरू नका, पण त्या फोनची वेळ नोंदली जाते. मग जिल्हा पोलीस अधीक्षकांना, शहर असेल तर पोलीस आयुक्तांना, ईमेल करा. पूर्वी वकील अशा वेळी तार करायचे. तारेवर सरकारी शिक्का आणि वेळ असायची आणि कोर्टात ती हुकमी चालायची. २०१३ साली तार बंद झाली, तेव्हापासून ते काम ईमेलवर आलं.

ईमेल लांबलचक नको. ‘माझा भाऊ अमुक, वय इतकं, राहणार अमुक, याला शनिवार दिनांक अमुक रोजी रात्री ९.०० वाजता आमच्या राहत्या घरातून अमुक पोलीस ठाण्याच्या दोन कर्मचाऱ्यांनी नेले. आज रविवार सायंकाळी ५.०० पर्यंत त्याला न्यायालयात हजर केलेले नाही, अटकेची कारणे त्याला वा आम्हाला लेखी दिलेली नाहीत. पोलीस ठाण्याचे शनिवार रात्री ८ ते सोमवार दुपारपर्यंतचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे.’ बस्स. शिव्या नको, आरोप नको, राजकारणी ओळखी नको. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण अठरा महिने, ते शक्यच नसेल तर किमान वर्षभर जपण्याचा आदेश दिला आहे. पुढे मागणी केली की ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ असं उत्तर हमखास येतं. पण मागणी घटनेच्या दुसऱ्याच दिवशी लेखी गेलेली असेल, तर त्या उत्तराकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहतं.

आता दुसरा हक्क: कशासाठी धरलंय हे सांगणं. अलीकडच्या दोन-तीन वर्षांत कायदा सगळ्यात जास्त बदलला आहे तो इथे, आणि ठाण्यातल्या बऱ्याच मंडळींपर्यंत तो अजून नीट पोचलेला नाही.

संविधानाचं कलम २२(१) आणि संहितेचं कलम ४७ सांगतं की अटक केलेल्याला अटकेचा आधार लगेच सांगितला पाहिजे. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनाचा हक्क आहे हेही सांगितलं पाहिजे. पूर्वी हे सगळं तोंडी चालायचं आणि छापील फॉर्मवर ‘अटकेची कारणे समजावून सांगितली’ या ओळीखाली आरोपीची सही घेतली की काम भागायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल प्रकरणात आर्थिक गैरव्यवहाराच्या कायद्यापुरतं लेखी आधार देणं सक्तीचं झालं. मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात तेच यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याला लागू झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की आधार कळवणं हा प्रत्येक गुन्ह्यात मूलभूत हक्क आहे आणि तो कळवला हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांची. ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने उरलेली पळवाट बंद केली. आता गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेचा आधार लेखी द्यायचा आणि तो त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायचा. जागेवर लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगायचं, पण लेखी प्रत रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजे. नाही दिली तर अटक आणि पुढची कोठडी दोन्ही बेकायदा.

दोन तास का? त्या वेळात वकील तो कागद वाचू शकतो आणि रिमांडला विरोध काय करायचा ते ठरवू शकतो. कोर्टाच्या जिन्यात आरोपीच्या हातात कागद कोंबला आणि सही घेतली, तर त्याने हे साधत नाही.

पण कागद मिळाला म्हणजे संपलं असंही नाही. त्यात काय लिहिलंय ते पाहा. पुष्कळदा असा मजकूर असतो: ‘सदर इसम गुन्ह्यात निष्पन्न झाला असून तपासात सहकार्य करीत नाही, पळून जाण्याची व पुराव्यात छेडछाड करण्याची शक्यता असल्याने अटक करण्यात आली.’ हे वाक्य तुमच्या भावाच्या नावाऐवजी कोणाच्याही नावाने खपेल. ही झाली अटक करण्याची गरज का वाटली याची सर्वसाधारण कारणं. आधार म्हणजे त्या माणसाविरुद्ध नेमकं काय आहे ते. उदाहरणार्थ: ‘दिनांक अमुकच्या रात्री अमुक गोदामातून तांब्याच्या तारेची सहा बंडलं चोरीला गेली, त्या रात्री दोन वाजता तुमच्या ताब्यातला अमुक क्रमांकाचा टेम्पो गोदामासमोरच्या कॅमेऱ्यात दिसतो, माल विकत घेणाऱ्याने तुमचं नाव सांगितलं आहे.’ असा कागद असेल तर तुमचा वकील लगेच विचारू शकतो की त्या रात्री टेम्पो कोणी भाड्याने नेला होता, पावती आहे का. पहिल्या प्रकारच्या कागदावर विचारण्यासारखं काहीच नसतं. हा फरक पुरकायस्थ निकालात स्पष्ट केलाय, आणि रिमांडला उभं राहणाऱ्या वकिलाने बोट ठेवायचं ते त्यावर.

भाषेचं तर विचारू नका. मराठी माणसाला महाराष्ट्रात मराठी कागद मिळायला अडचण नसावी, पण केंद्रीय यंत्रणांकडून इंग्रजीत टाइप केलेला कागद येतो आणि परप्रांतीय मजुराला मराठीत. दोन्ही ठिकाणी हरकत घेता येते.

तिसरा हक्क तुमचा, म्हणजे नातेवाइकांचा. कलम ३६ प्रमाणे अटकेच्या वेळी अटकेचा मेमो व्हायला हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि आरोपीची सही. कलम ४८ प्रमाणे आरोपी सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची आणि कुठे ठेवलंय याची माहिती ताबडतोब द्यायची, कोणाला कळवलं त्याची ठाण्यातल्या वहीत नोंद करायची, आणि मॅजिस्ट्रेटने हजर केल्यावर हे झालंय का याची स्वतः खात्री करायची. हे सगळं १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलेलं आहे.

तुमच्या बाबतीत कोणीच कळवलं नाही. तुम्ही स्वतः ठाण्यात गेलात तेव्हा कळलं. उद्या कागदावर ‘आरोपीच्या भावास फोनद्वारे कळविले’ असं लिहिलेलं दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. अटक दाखवलेल्या वेळेच्या आसपास तुमच्या फोनवर ठाण्याचा कॉल आलेला नाही, हे तुमच्या कॉलयादीवरून दिसेल. तिचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि एक लक्षात ठेवा, घरच्यांना कळवलं म्हणून आरोपीला आधार देण्याचं कर्तव्य संपत नाही. विहान कुमारमध्ये पोलिसांनी बायकोला अटक कळवल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही. दोन्ही कर्तव्यं वेगवेगळी आहेत.

भेटीबद्दल. नातेवाइकांची भेट ठाण्याच्या मर्जीवर चालते, हे खरं. वकिलाचं तसं नाही. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानातच आहे, आणि कलम ३८ प्रमाणे चौकशी चालू असतानाही वकिलाला भेटता येतं, फक्त पूर्ण वेळ सोबत बसता येत नाही. म्हणून तुम्ही वारंवार ठाण्यात जाऊन विनवण्या करण्यापेक्षा आज संध्याकाळी एका वकिलाला पाठवा. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. रिमांडसाठी नेमलेले वकील सुट्टीच्या कोर्टातही असतात. ते चांगले की वाईट हे माणसावर असतं, पण पहिल्या रिमांडला वकील नसण्यापेक्षा ते कधीही बरे.

वकील ठाण्यात गेले की त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात: गुन्हा रजिस्टर नंबर, अटकेचा मेमो आणि लेखी आधाराची प्रत. नाही म्हटलं तर अर्ज लिहून आवक शिक्का मागावा. शिक्काही नाही म्हटलं तर तोच अर्ज ठाण्याच्या ईमेलवर. भावाला भेटता आलं तर एवढंच सांगावं: कोऱ्या कागदावर सही करू नकोस, आणि ज्या कागदावर सही करशील तिथे सहीखाली त्या क्षणाची तारीख-वेळ स्वतःच्या अक्षरात लिही. ‘प्रत मिळाली, दि. अमुक, सोमवार सकाळी १०.५०’ एवढं त्याने सहीशेजारी लिहिलं आणि हजर केलं साडेअकराला, तर दोन तासांचा नियम मोडल्याचा पुरावा पोलिसांच्याच फाइलमध्ये तयार होतो.

रात्रीचे नऊ वाजून गेले आणि हजर केलं नाही, तर? उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा अशी याचिका, हा राजमार्ग आहे, पण रविवारी रात्री तालुक्याच्या गावाहून तो गाठणं अवघड आणि खर्चिक, आणि सोमवारी सकाळी एकदा मॅजिस्ट्रेटचा रिमांड आदेश झाला की ती याचिका बहुतेक वेळा निरर्थक होते. त्याहून जवळचा उपाय मॅजिस्ट्रेटकडेच आहे. संहितेच्या कलम १०० खाली, म्हणजे जुनं ९७, कोणाला बेकायदा डांबून ठेवलंय असं वाटलं तर प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट झडतीचं वॉरंट काढू शकतात आणि त्या माणसाला समोर हजर करवू शकतात. हे कलम लोकांना सासरी अडकवलेल्या मुलीसाठी माहीत असतं. पोलीस ठाण्यासाठीही ते वापरता येतं. वकिलांनी सुट्टीच्या मॅजिस्ट्रेटकडे असा अर्ज नेला की अनेकदा वॉरंट निघण्याआधीच ठाण्यातून गाडी निघते.

आता सोमवारची सकाळ. पहिला रिमांड पाच-सात मिनिटांत उरकतो, आणि त्यातली निम्मी मिनिटं आरोपीच्या एका उत्तरावर ठरतात. साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" घाबरलेला माणूस मान हलवून नाही म्हणतो, आणि ‘आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’ अशी नोंद होते. नंतर उच्च न्यायालयापर्यंत कुठेही शनिवार रात्रीचा मुद्दा काढला की सरकारी वकील हीच ओळ वाचून दाखवतात. मारहाण झाली नसेल तर तक्रार नाही असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. कधी धरलं ही तक्रार असू शकते हे त्याच्या डोक्यातच येत नाही. म्हणून वकिलांकरवी भावापर्यंत हे पोचलं पाहिजे की त्याने म्हणायचं: "साहेब, मला शनिवारी रात्री नऊला घरून आणलं. तेव्हापासून ठाण्यातच आहे. कशासाठी आणलं याचा कागद मला दिलेला नाही." आणि वकिलांनी तोंडी बोलून न थांबता तेच लिहून अर्ज द्यावा, सोबत ईमेलची प्रत आणि कॅमेऱ्यातलं छायाचित्र जोडावं, आणि अर्जावर आदेश मागावा. तोंडी हरकत रोजनाम्यात येईलच असं नाही. लेखी अर्जाचा निकाल साहेबांना द्यावाच लागतो.

वैद्यकीय तपासणीचा कागदही त्या वेळी पाहा. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळायला हवी. अंगावरच्या खुणांसाठी तो असतोच, पण त्यावर रुग्णालयाची स्वतंत्र वेळ असते. अटक दीडची आणि रुग्णालयाची नोंद सकाळी अकराची, असा प्रकार दिसला तर वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

पोलीस कोठडी मागताना पहिल्या वेळी आरोपीला प्रत्यक्षच आणावं लागतं, पडद्यावरून चालत नाही. तेव्हा तुम्हीही कोर्टात हजर राहा.

गुन्हा कोणता हे कळलं की आणखी एक गोष्ट तपासा. नुसती चोरी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात थेट अटक हा अपवाद असायला हवा. आधी सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस, आणि अटक केलीच तर ती का गरजेची होती याची कारणं लेखी. २०१४ चा अर्णेश कुमार निकाल हेच सांगतो, आणि २०२२ च्या सतेंदरकुमार अंतिल निकालाप्रमाणे हे पाळलं नसेल तर आरोपी जामिनाला पात्र ठरतो. एकाच पत्त्यावर राहणारा, एकही केस नसलेला टेम्पोचालक पळून जाईल असं म्हणायला काहीतरी हवं. मात्र रात्रीच्या घरफोडीचं कलम सोबत लावलं असेल तर शिक्षेची मर्यादा सात वर्षांच्या वर जाते आणि हा मुद्दा दुबळा होतो. कलमं वाढवली जातात ती कधी कधी याचसाठी, असं माझं मत आहे.

शेवटी या सगळ्याची मर्यादा, कारण लोक इथे फार मोठी आशा धरतात. अटक बेकायदा ठरली म्हणजे गुन्हा रद्द होत नाही. तपास चालू राहतो, दोषारोपपत्र येऊ शकतं, खटलाही चालतो. विहान कुमारमध्ये हे स्पष्ट म्हटलंय. मिळतं ते कोठडीतून सुटणं किंवा जामीन. लेखी आधार न दिल्यामुळे सुटका झाली तर पोलीस नंतर तो आधार देऊन, उशीर का झाला ते सांगून पुन्हा कोठडी मागू शकतात, आणि मॅजिस्ट्रेटने शक्यतो आठवड्याच्या आत त्यावर दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायचा असतो. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात ही मुभा आहे, आणि तो निकाल त्यापुढच्या अटकांसाठी आहे.

शिवाय खालचं कोर्ट पहिल्याच दिवशी अटक बेकायदा म्हणून सोडून देईल याची खात्री मी देणार नाही. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांची पोलीस कोठडी होते आणि तुमचा अर्ज ‘म्हणणे मागवा’ या शेऱ्यावर पडून राहतो. तरीही तो पहिल्याच दिवशी दाखल झालेला असणं गरजेचं आहे. सत्र न्यायालयात जामीन मागताना किंवा उच्च न्यायालयात रिमांडला आव्हान देताना पहिला प्रश्न येतो तो हा, की रिमांडच्या वेळी हे सांगितलं होतं का.

प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे पुढे गुन्हा करू नये म्हणून एमपीडीए या राज्याच्या कायद्याखाली किंवा राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली कोणाला आत टाकलं तर, हे चोवीस तासांचे नियम लागू होत नाहीत. तिथला मार्ग वेगळा आहे. तुमच्या वर्णनावरून हे तसं दिसत नाही, पण गुन्हा रजिस्टर नंबर मिळाला की खात्री करून घ्या. नंबर आणि कलमं इथे लिहिलीत तर रिमांडला नेमका विरोध कसा करायचा ते सांगता येईल. आत्ता आधी ईमेल पाठवा आणि वकील गाठा.